‘जोर द्या’ म्हटलं की आवाज मोठा होतो. दुसरा शब्द कोणता?

टिळकवाडीकर
कन्नडवरून मराठीत आणलेला आरोग्याचा मजकूर रेकॉर्ड करून घेत होते. वाक्य होतं, ‘तुम्ही गोळी घेतली का नाही?’ मूळ कन्नडात ‘तगोंड्रा इल्वा’, म्हणजे घेतली की राहिली एवढंच विचारायचं होतं. वाचणाऱ्या ताई कन्नड शाळेत शिकलेल्या, मजकूर त्यांना नवा. त्यांनी ‘का’वर आवाज चढवला आणि प्रश्न झाला ‘का बरं घेतली नाही?’ ऐकणाऱ्या बाईला कुणी दटावतंय असं वाटावं. मी समासात लिहिलं, ‘घेतली’वर जोर द्या. तर तेवढा शब्द त्यांनी मोठ्यानं म्हटला. चूक माझीच, जोर म्हणजे जोरातच. मला हवा होता तो शब्द किंचित चढवून, जरासा लांबवून. याला रोजच्या बोलण्यातला शब्द कोणता? आणि कागदावर खूण कशी करता?

शहापूरचे गुरुजी
शब्द आहे की: बलाघात. पण मुळात वाक्यच चुकलं. विकल्प विचारताना ‘की’ येतो, ‘घेतली की नाही’. पूर्वी कारण विचारताना ‘कां’ असा अनुस्वार देत, तेव्हा हा घोळ नव्हता. 1962च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले आणि ही वेळ आली.

निपाणीची सून
गुरुजी, माझ्या आजेसासऱ्यांच्या पत्रांत ‘येतोस कां’लाही अनुस्वार आहे, तिथं कारण कुठं विचारलंय? आमच्याकडं सरळ ‘गोळी घेतली काय?’ म्हणतात. ‘का’ आम्ही कारणासाठीच ठेवलाय. गावातल्या बायकांसाठी मजकूर असेल तर ‘काय’च लिहा.

टिळकवाडीकर
‘काय’ मलाही जवळचा, पण मजकूर मंजूर होऊन आलाय, शब्द बदलता येत नाही. म्हणून तर खुणेचं विचारतेय.

चिक्कोडीचा बाबा
माझा मुलगाही कन्नड शाळेत आहे. ‘तो घरी जात आहे’ यातला ‘जात’ तो जातिधर्मातल्या ‘जात’सारखा वाचतो. ‘चारा’ वाचताना ‘चार’मधला च काढतो. अक्षराखाली टिंब दिलं तर चालेल ना?

खानापूरकर
बाबा, तुमचा प्रश्न अक्षराच्या उच्चाराचा. टिंब चालेल, पण ज्याला ते माहीत आहे त्यालाच. इथं अडचण वाक्याच्या चालीची आहे.

रेकॉर्डिंगला बरीच वर्षं बसतोय, म्हणून सांगतो. देवनागरीत शब्दाच्या वर आणि खाली मोकळी जागा नसते. वर तिरकी रेघ मारली की मात्रा वाटते, टिंब दिलं की अनुस्वार. खाली अधोरेखित केलं की उकार झाकतो. ‘सुरू’मधल्या ‘सु’चा उकार गेलेला पाहिलाय मी. थांब्यासाठी उभी रेघ मारली तर काना वाटते. घाईत ‘घर। मोठं’चं ‘घरा मोठं’ वाचलं जातं. म्हणून थांब्याला तिरकी रेघ, तीही दोन शब्दांच्या मधोमध, आणि महत्त्वाच्या शब्दाभोवती पेन्सिलीनं चौकट. एका वाक्यात एकच चौकट. दोन केल्या की वाचणारा दोन्हीकडे चढतो आणि अर्थ पुन्हा हरवतो.

तुमच्या वाक्यात नुसत्या ‘घेतली’ला चौकट पुरणार नाही. ‘का’ कुणाला चिकटतो यावर सगळं आहे. म्हणून असं करा:

```
तुम्ही गोळी [घेतली का] / नाही?
तुम्ही गोळी घेतली / [का] नाही?
```

पहिल्यात आवाज ‘घेतली’वर चढतो, ‘का’ त्याच्याच पाठीवर पटकन जातो, मग श्वासभर थांबून ‘नाही’. दुसऱ्यात थांबा ‘का’च्या आधी, आणि तिथंच दटावणी येते. ताईंनी दुसरं वाचलं. कन्नडात ज्या शब्दाबद्दल विचारायचं त्यालाच ‘आ’ लागतो, ‘निन्नेना’ म्हटलं की ‘कालच का?’ हे कळतं. मराठीत ‘का’ बहुतेकदा शेवटी बसतो, मग कशाबद्दल विचारलंय ते आवाजानंच सांगावं लागतं. ही सवय नसेल तर शेवटचा शब्द उचलला जातो.

शहापूरचे गुरुजी
ऋग्वेदाच्या पोथीत खाली आडवी रेघ, वर उभी रेघ अशा स्वरखुणा आहेत. तीच परंपरा घ्यावी, नव्या चौकटी कशाला?

खानापूरकर
गुरुजी, त्या पद्धतीत उदात्ताला, म्हणजे उंच स्वराला, खूणच नसते. अनुदात्ताला खाली, स्वरिताला वर. आपल्याला दाखवायचा तोच स्वर कोरा राहतो. शिवाय ती एकेका अक्षराची उंची. वाक्यात कुठला शब्द पुढं काढायचा हे त्यात नाही.

निपाणीची सून
आणि शब्द? मी ‘उठाव’ म्हणेन. रांगोळीला काळ्या रेघेनं उठाव देतात तसा. ‘घेतलीला उठाव द्या’ म्हटलं की कुणी ओरडणार नाही.

शहापूरचे गुरुजी
उठाव म्हणजे 1857चा.

निपाणीची सून
आमच्याकडं तंबाखूलाही उठाव असतो नाहीतर नसतो. एका शब्दाला तीन घरं असली म्हणून काय बिघडलं?

चिक्कोडीचा बाबा
‘हेल’ का नको?

टिळकवाडीकर
हेल नको. पुण्यात शिकत असताना माझ्या बेळगावी बोलण्याला सगळे ‘हेल काढते’ म्हणायचे. ताईंना तो शब्द मी लावणार नाही. आज चौकट करून दिली, वाक्य दुसऱ्या वाचनात जमलं. पण पुढच्याच पानावर ‘दोनच गोळ्या आणखी घ्या’ आलंय. ‘च’ला चौकट करू की ‘आणखी’ला?