व्यायामानंतर शुगर वाढली कशी? (आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरून)

सुधीर कुलकर्णी (ए-३०३): सुप्रभात. निखिलच्या सांगण्यावरून मी सोमवारपासून क्लबहाउसमध्ये डंबेल सुरू केले. सकाळी सव्वासहाला उपाशीपोटी शुगर १३८. पस्तीस मिनिटं घाम गाळून परत मोजली तर १६९! चहासुद्धा घेतला नव्हता. बुधवारी तेच, १४१ ची १६६. मग कशाला उचलायची ही लोखंडं?

निखिल (ए-५०४): काका मीटर बिघडलं असेल 😅

माधुरी जोशी (बी-२०४): भाऊजी, हात धुतले होते का? मी एकदा चिकू सोलून तशीच मोजली, २९० आली. पोटात गोळा. साबणाने धुऊन पुन्हा मोजली तर १५५.

सुधीर कुलकर्णी: धुतले होते वहिनी. बँकेत बत्तीस वर्षं काढलीत, आकडा दोनदा तपासल्याशिवाय लिहीत नाही.

स्नेहल (सी-१०१): काका, मीटर ठीकच असणार. फिजिओ म्हणून हे मी नेहमी बघते. जोर लावला की शरीर अॅड्रिनलिन सोडतं आणि त्याच्या इशाऱ्यावर यकृत साठवलेली साखर रक्तात टाकतं. पहाटे यकृत तसंही जरा सढळ असतं, म्हणून खूप जणांची उपाशीपोटीची शुगर जास्त दिसते. त्यात तुम्ही वजनं उचलली. स्नायूंनी ओढली त्यापेक्षा जास्त साखर यकृताने ओतली, म्हणून वीस-तीसने वर गेली. तास-दोन तासांत ती उतरते. आणि वापरलेले स्नायू पुढचा एक-दोन दिवस इन्सुलिनला जास्त दाद देतात, तो फायदा लगेचच्या आकड्यात दिसत नाही.

सुधीर कुलकर्णी: अस्सं. मी तर काल सकाळचं बंद करून संध्याकाळी गेलो होतो.

मीनल कुलकर्णी (ए-३०३): आणि काल काय झालं ते पण लिहा की. स्नेहल, काल यांचा गुरुवारचा उपवास. दुपारी साडेबाराला थोडी साबुदाण्याची खिचडी, चारला बिनसाखरेचा चहा, पावणेसातला डंबेल. सव्वासातला घरी आले ते घामाने डबडबलेले, हात थरथरतायत, माझ्यावरच चिडतायत. मोजली तर ६१. मी पेढा दिला.

स्नेहल: काकू, ही खरी काळजीची गोष्ट. सकाळची १६९ नव्हे. काका गोळी कोणती घेतात?

मीनल कुलकर्णी: ग्लिमेपिराइड २ आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली. सकाळी नाश्त्याआधी. उपवासाला पण घेतली.

स्नेहल: मग सगळं जुळलं. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते, तुम्ही जेवलात की नाही हे ती फारसं बघत नाही, आणि तिचा अंमल दिवसभर असतो. वर कमी खाणं, वर स्नायू साखर ओढतायत. तिन्ही एकाच तासात आलं.

पेढ्याबद्दल: त्यात साखर आहे, पण तुपा-खव्यामुळे ती सावकाश चढते. ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर अर्धा पेला पाण्यात. पंधरा मिनिटांनी परत मोजायचं. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की मग पोळी-भाजी. माणूस गुंगीत असेल, गिळता येत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट हॉस्पिटल.

माधुरी जोशी: बाई गं. मी नुसती मेटफॉर्मिनवर आहे. मला पण असं होईल का?

स्नेहल: काकू, नुसत्या मेटफॉर्मिनवर शुगर इतकी खाली जाणं क्वचितच. तुमचं वेगळं बघायचंय. डोळ्यांचा पडदा शेवटचा कधी तपासला?

माधुरी जोशी: दोन वर्षं झाली असतील 🙈

स्नेहल: आधी तो. पडद्यावर नवीन नाजूक रक्तवाहिन्या आल्या असतील तर श्वास रोखून जोर लावल्याने तिथे रक्तस्राव होऊ शकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हो म्हटलं की सुरू करा. श्वास तर कुणीच रोखायचा नाही, उचलताना सोडायचा.

सुधीर कुलकर्णी: थोडक्यात, सकाळी वाढते, संध्याकाळी पडते. मग मी उचलू कधी? वेळ सांग, मी पाळतो.

स्नेहल: नाश्त्यानंतर. तुमचा नाश्ता साडेआठला ना? खाल्ल्यावर साधारण तास-दीड तासात शुगर शिखरावर असते. सव्वानऊला सुरू केलंत तर ती चढत असतानाच स्नायू तिला ओढून घेतील. पोटात अन्न आहे म्हणून पडण्याची भीतीही कमी.

सुरू करण्याआधी मोजा. ९० च्या खाली असेल तर आधी एक वेलची केळं, मग दहा-पंधरा मिनिटांनी परत मोजून व्यायाम. २५० च्या वर असेल आणि मळमळ, थकवा वाटत असेल तर त्या दिवशी वजनं नाहीत. संपल्यावर एकदा आणि साडेअकराला एकदा मोजा, गोळीचा जोर तेव्हा असतो. पहिले दोन आठवडे एवढं टोचून घ्या, मग तुमची चाल कळली की कमी करता येईल.

निखिल: आणि सेट किती ताई? मी काकांना पाच किलो दिले होते.

स्नेहल: खुर्चीतून उठ-बस, भिंतीवर पुश-अप, डंबेल कमरेकडे ओढणं, रबरी बँड. प्रत्येकी दहा वेळा, दोन सेट, मधे मिनिटभर विश्रांती. शेवटचे दोन जड जावेत, पण अजून दोन मारता येतील इतपतच. आठवड्यात तीनदा, एक दिवस आड. अनवाणी नको, निखिल तू बघ जरा. आणि काका, गुरुवारी वजनं नाहीतच. उपवासाला गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारा, स्वतः कमी करू नका.

आपटे, सेक्रेटरी (बी-१०२): सर्वांना सूचना. क्लबहाउस सकाळी ६ ते ९ व संध्याकाळी ५ ते ९. सव्वानऊला कुलूप असते.

मीनल कुलकर्णी: घ्या.

*(दहा दिवसांनंतर)*

सुधीर कुलकर्णी: हिशेब देतो. सध्या घरीच, बँड आणि खुर्ची. रविवारी एक वाटी पोहे, व्यायाम नाही: दोन तासांनी २१२. सोमवारी तेच पोहे, मीनलने त्याच वाटीने मोजून दिलेले. सव्वानऊला १८४, व्यायाम, दहाला १५९, साडेदहाला १५२, साडेअकराला १०८. बुधवारी साडेअकराला मात्र ८१ आली, जेवण लगेच वाढून घेतलं. शुक्रवारी ७८. वही डॉक्टरांना दाखवली. त्यांनी ग्लिमेपिराइड २ ची १ केली, उपवास असेल त्या दिवशी ती घ्यायची नाही म्हणाले, मेटफॉर्मिन तेवढीच.

स्नेहल: काका, ती ८१ आणि ७८ लिहून ठेवलीत म्हणून गोळी बदलली. आता आठवडाभर साडेअकराची चुकवू नका. खिशात साखरेची पुडी आहे ना?

सुधीर कुलकर्णी: आहे. मुंग्या पण आहेत.

माधुरी जोशी: पडदा तपासला, स्वच्छ आहे! मी पण येते. पण घरी नाही हं, आमचे हे बघून हसतात.

आपटे, सेक्रेटरी: कमिटीत विषय घेतला. सोम-बुध-शुक्र ९ ते १०.१५ किल्ली कुलकर्णी साहेबांकडे. जाताना दिवे व पंखे बंद करावेत.