प्रतिसाद: पासवर रांग आणि परतीची वेळही छापा

«स्नेहसंमेलन प्रभादेवीच्या नाट्यगृहात आहे. निमंत्रणात बैठक आणि पार्किंगचं नेमकं काय लिहावं?»

ताई, आधी खुर्च्या मोजा. आमच्या वेळी सभागृह ६०० खुर्च्यांचं होतं. पाहुणे आणि शिक्षकांच्या ४० वगळल्या. मुलं २७०, म्हणजे प्रत्येकी दोन पासप्रमाणे ५४० गेल्या. उरलेल्या २० दाराजवळच्या, त्या गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी ठेवल्या. त्यामुळे तिसरा पास का नाही, हे पालकांना लगेच पटलं. पासवर इयत्ता आणि रांग छापा, नाहीतर पहिले आलेले पर्स ठेवून अख्खी रांग अडवतात.

वेळा दोन लिहा: मुलांनी मेकअपसाठी ३ वाजता, पालकांनी ४:३० ला. पडदा ५ ला. बालवाडीचा नाच पहिला ठेवा, लहानगी पेंगुळतात.

पार्किंगबाबत स्पष्ट लिहा: 'पालकांच्या गाड्यांसाठी जागा नाही. मुलांना फाटकाशी उतरवून गाडी पुढे न्या. दादर किंवा प्रभादेवी स्टेशनवरून येणं सोयीचं.' 'मर्यादित पार्किंग' लिहिलंत की प्रत्येकाला वाटतं, आपल्याला मिळेल.

खरी कोंडी सुटताना होते, म्हणून पासवर परतीची वेळही छापा. बालवाडीची मुलं मध्यंतरातच सोडा, पालकांकडून पासचा अर्धा भाग घेऊनच.