मृत्युपत्राच्या सहीचा व्हिडिओ आहे, पण एक साक्षीदार आता हयात नाही. मदत हवी आहे

सायली_रत्नागिरी
नमस्कार. माझे बाबा मार्चमध्ये गेले. १२ नोव्हेंबर २०२३ ला त्यांनी मृत्युपत्र करून राहतं घर माझ्या नावे केलं. नोंदणी केलेली नाही. बाबांना तेव्हा काही कळत नव्हतं, असं भाऊ म्हणतो आणि दावा लावणार आहे.

सहीच्या वेळी मी मोबाईलवर चार मिनिटांचा व्हिडिओ काढला होता. बाबा स्वतः तारीख सांगतात, दोन्ही पानं वाचतात आणि सही करतात. हात थरथरतोय, पण सही स्पष्ट दिसते. पहिले साक्षीदार जोशीकाका शेजारीच बसलेत. दुसरे साक्षीदार नाना त्या दिवशी आले नव्हते, त्यांनी दुसऱ्या दिवशी सही केली. जोशीकाका गेल्या वर्षी वारले. व्हिडिओ दाखवला की पुरेल ना?

पराग७७
काळजी करू नका. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य कायदा आलाय, त्यात व्हिडिओ कागदासारखाच धरतात. साक्षीदार नसले तरी चालेल.

मीनाताई
आमच्या सासूबाईंचं मृत्युपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलं होतं. फोटो, अंगठे सगळं झालं, तरी दिरांनी दावा केलाच. तुम्ही आता तरी नोंदणी करून घ्या.

वकील_सांगली
परागजी, व्हिडिओ पुरावा म्हणून येतो हे खरं, पण साक्षीदाराची जागा तो घेत नाही. मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक जरी हयात असला, तरी त्याला कोर्टात उभं करावंच लागतं. मीनाताई, नोंदवलेल्या मृत्युपत्रालाही यातून सुटका नाही.

सायलीताई, नानांनी दुसऱ्या दिवशी सही केली यात चूक नाही. दोघे एकाच वेळी हजर असले पाहिजेत असं कायदा म्हणत नाही. मात्र बाबांनी नानांसमोर "ही माझी सही" असं कबूल करायला हवं होतं आणि नानांनी बाबांच्या डोळ्यांसमोर सही करायला हवी होती. तसं झालं का?

दुसरी अडचण मोठी आहे. जानकी नारायण भोईर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं की एकच साक्षीदार बोलावला, तर दुसऱ्याचीही सही रीतसर झाली हे त्याच्या साक्षीतून यायला हवं. जोशीकाकांची सही नानांनी पाहिलेलीच नाही. इथे तुमचा व्हिडिओ खऱ्या अर्थाने कामाचा होता. जोशीकाका सही करताना त्यात दिसतात का?

सायली_रत्नागिरी
नाही. त्यांना पेन द्यायला मी मोबाईल टेबलावर ठेवला. पुढे फक्त छत दिसतं आणि काकांचा आवाज येतो, "इथेच ना?" मग माझा, "हो, बाबांच्या सहीखाली."

वकील_सांगली
मग काकांची सही त्यांच्या अक्षराच्या ओळखीच्या माणसाकडून सिद्ध करायची आणि आवाजाचा आधार द्यायचा. ते पुरेल की नाही, यावर दोन्ही बाजूंनी वाद होईल. तुम्ही खोलीत होतात, साक्ष देऊ शकता, पण घर तुम्हालाच मिळतंय म्हणून ती कसून तपासली जाईल. "बाबांच्या सहीखाली" हे सांगणारा आवाजही तुमचाच, तो मुद्दा भाऊ सोडणार नाही.

बाबा भानावर होते हे व्हिडिओ छान दाखवतो. कॅमेरा सुरू होण्याआधी कोणी काय दबाव आणला, हे तो दाखवू शकत नाही. मूळ मोबाईल जपून ठेवलाय ना?

सायली_रत्नागिरी
२०२४ मध्ये तो एक्स्चेंजमध्ये दिला. व्हिडिओ आता घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे, `VID-20231112-WA0007.mp4`.

फॉरेन्सिक_मित्र
व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं आणि कधी, कोणत्या फोनवर काढला याची आतली माहिती सहसा काढून टाकतं. नावातली तारीखही व्हॉट्सॲपने दिलेली, कॅमेऱ्याची नव्हे. कोर्टात असा व्हिडिओ देताना जोडायच्या प्रमाणपत्रासोबत आता हॅशही, म्हणजे फाइलवरून काढलेला तिचा ओळखक्रमांकही, द्यावा लागतो, पण त्या हॅशने ही प्रत पुढे बदलली नाही एवढंच कळेल. मूळ चित्रण असंच होतं, हे त्यातून कळत नाही. जुन्या फोनचा क्लाउड बॅकअप आधी तपासा. ग्रुपमधला मेसेज पुसू नका, दुसऱ्यांच्या फोनमध्येही तो असू द्या.

वकील_सांगली
आणि नानांना काय बोलायचं ते पढवू नका. त्यांना आठवतं तेवढंच त्यांनी सांगावं. कोर्टात ते नाकारू लागले किंवा आठवत नाही म्हणाले, तर इतर पुरावा देता येतो आणि तिथे व्हिडिओ पुन्हा पुढे येईल. मात्र आधी त्यांना बोलवावं लागेल.

सायली_रत्नागिरी
क्लाउडमध्ये फोटो आहेत, व्हिडिओ नाही. जुन्या ईमेलमध्ये शोधते आहे. आत्ता नानांना फोन केला. ते म्हणाले, संध्याकाळी घरी आलो होतो, बाबा पलंगावर बसले होते, कागद त्यांनीच माझ्या हातात दिला. आईला मात्र वाटतंय की बाबा तेव्हा झोपले होते आणि कागद तिने बाहेर ओटीवर नेऊन दिला. त्या संध्याकाळचा व्हिडिओ कोणीच काढला नव्हता.