मदत हवी आहे: व्हिसाच्या मुदतवाढीसाठी एचआरकडून पत्र कसं मागू?

नमस्कार मंडळी. परदेशात नोकरीच्या व्हिसावर आहे, मुदत संपायला साधारण तीन महिने उरलेत. मुदतवाढीच्या अर्जाला कंपनीचं पत्र, चालू करार आणि अलीकडच्या पगारपत्रकांच्या प्रती लागणार आहेत.

अडचण पत्राची आहे. व्हिसा मिळाला तेव्हा माझं पद वेगळं होतं. मध्यंतरी बढती झाली, पगारही वाढला. एचआरने पाठवलेल्या ठरावीक नमुन्यात जुनंच पद आहे, आणि करार कधीपर्यंत आहे याचा उल्लेखच नाही. पगारपत्रकावर मात्र नवं पद. दोन कागद जुळले नाहीत तर खुलासा मागितला जाण्याची भीती आहे.

म्हणून पद, कामाचं स्वरूप, पगार, रुजू झाल्याची तारीख आणि कराराची मुदत घालून मसुदा मीच करावा आणि एचआरकडे तपासून सहीसाठी द्यावा, असं वाटतंय. (मोघम विनंती केली की आमच्याकडे उत्तरही मोघमच येतं.) असं कोणी केलंय का?

बढतीनंतर साधी मुदतवाढ चालते की कंपनीला पदबदल आधी कळवावा लागतो, हे एचआरला विचारू की कंपनीच्या इमिग्रेशन वकिलांना? आणि अर्जाची फी कोण भरणार, हे त्याच मेलमध्ये विचारावं का?