'पन्नासाव्या वर्षी' म्हणजे नेमकं किती वर्षांचे?

गडफिरस्ती
गेल्या आठवड्यात रायगडावर होतो. आमच्या घोळक्याचा वाटाड्या तिथल्याच वाडीतला, पन्नाशीच्या आसपासचा, आवाज खणखणीत. जगदीश्वराच्या दारातल्या शिलालेखातला शक त्याने तोंडपाठ म्हणून दाखवला, हिरोजी इंदुलकरांची पायरी दाखवली आणि मग सगळ्यांना समाधीसमोर सावलीत बसवलं. तिथे तिसरीतल्या एका मुलीने विचारलं, "काका, राजे वारले तेव्हा किती वर्षांचे होते?"

वाटाड्या म्हणाला, "बाळा, वयाच्या पन्नासाव्या वर्षी महाराज गेले."

मुलगी थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे एकोणपन्नास वर्षांचे?"

तो हसला. 1680 मधून 1630 वजा करायला सांगितले. तिने केले, पन्नास आले. तरी तिचं समाधान होईना. "मला आठ पूर्ण झालीत, पण आजी म्हणते मला नववं चालू आहे. मग पन्नासाव्या वर्षी म्हणजे एकोणपन्नासच ना पूर्ण?" एवढ्यात मागे बसलेले एक आजोबा म्हणाले, "आमच्या शाळेत त्रेपन्न होतं." आणि आमच्यातल्याच एकाने शकांची वजाबाकी करून एकावन्न काढले. चार माणसं, चार उत्तरं. वाटाड्याने "चला, ऊन वाढतंय" म्हणून सगळ्यांना उठवलं.

मला तारखेचा वाद नको आहे. 'पन्नासाव्या वर्षी' आणि 'पन्नास वर्षांचे' हे मराठीत एकच आहे का, तेवढं सांगा.

बारा मावळ
तारखेचा वाद नको कसा? जयंती तिथीनेच साजरी झाली पाहिजे. फाल्गुन वद्य तृतीया. इंग्रजी तारीख आपल्यावर लादलेली आहे.

गडफिरस्ती
दादा, प्रश्न जयंतीचा नाही हो. 'व्या' या प्रत्ययाचा आहे.

शकवाला
तो एकावन्न काढणारा बरोबर होता. जन्म शके 1551, देहावसान शके 1602. वजाबाकी 51. म्हणजे महाराज एकावन्न वर्षांचे होते. आपल्या कालगणनेने हिशेब केला की घोळ होत नाही.

माजघर
शकवाले, घोळ तिथेच झालाय. वजाबाकी बरोबर आहे, पण तिचा अर्थ तुम्ही लावलात तो नाही. जन्म फाल्गुनातला, म्हणजे वर्षाच्या अगदी शेवटच्या महिन्यातला. मृत्यू चैत्रातला, वर्षाच्या पहिल्याच महिन्यातला. शक पाडव्याला बदलतो. फाल्गुन वद्य तृतीयेला जन्मलेलं मूल चैत्री पौर्णिमेला महिन्याचंही नसतं, पण नुसत्या शकाची वजाबाकी केली तर ते एक वर्षाचं ठरतं. तुमच्या उत्तरात ते एक फुकटचं वर्ष शिरलंय.

सरळ मोजून बघा. शके 1551 च्या फाल्गुन वद्य तृतीयेपासून शके 1601 च्या फाल्गुन वद्य तृतीयेपर्यंत पन्नास वर्षं पूर्ण. तिथून अमावास्येपर्यंत बारा तिथी. पुढे पाडव्यापासून चैत्री पौर्णिमेपर्यंत, म्हणजे हनुमान जयंतीपर्यंत, पंधरा. तेव्हा तिथीने पन्नास वर्षं आणि सत्तावीस तिथी. महाराजांना एकावन्नावं लागून महिनाही झाला नव्हता.

शकवाला
म्हणजे एकावन्नावं चालू होतं हे तरी मान्य ना?

माजघर
चालू होतं, हे शंभर टक्के. 'एकावन्न वर्षांचे' होते, हे नाही. तुमचा आकडा बरोबर, शब्द चुकला.

कारकून
मी आस्थापना शाखेत नोकरी केली, म्हणून सांगतो. सेवानिवृत्तीच्या कागदात आम्ही कधीच 'अठ्ठावन्नाव्या वर्षी' लिहीत नसू. 'वयाची 58 वर्षे पूर्ण झाल्यावर' असंच लिहायचं. कारण आमच्या एका ड्रायव्हरमामांना सत्तावन्न संपलं तेव्हा घरच्यांनी सांगितलं होतं, आता अठ्ठावन्नावं लागलं, निवृत्त झालात. ते पेढे घेऊन आले. एक वर्ष आधी! पेढे आम्ही खाल्ले, मामांना परत टेबलावर पाठवलं.

बाकी माझ्या स्वतःच्या जन्मतारखेची तर शाळेत गुरुजींनी 1 जून करून टाकली आहे, त्यामुळे मला कुठलं चालू आहे ते देवालाच ठाऊक.

सातारी सून
आमच्या सासूबाई वय कधीच 'इतक्या वर्षांचा' असं सांगत नाहीत. नातवाला 'पाचवं सरलं, सहावं लागलं' म्हणतात. लागणं, चालू असणं, सरणं अशी तीन क्रियापदं आहेत आणि तिघांत कुठे गफलत होत नाही. त्या मुलीच्या आजीचंही तेच. गफलत छापील मराठीत आहे, जिथे नुसतं 'व्या वर्षी' लिहून मोकळे होतात.

मुंजीचं बघा. आठव्या वर्षी मुंज म्हणतात, तिथे गर्भापासून मोजायचं. म्हणजे जन्मापासून सात पूर्ण व्हायच्याही आत. तिथे 'आठव्या' म्हणजे चालू असलेलं आठवं, त्यात वाद नाही.

बारा मावळ
आणि मुळात 'वारले' काय? महाराज कैलासवासी झाले म्हणावं. त्या मुलीला कुणी सांगितलं की नाही?

सातारी सून
आठ वर्षांची पोर आहे भाऊ. तिने 'वारले' म्हटलं, हेच घरचं वळण चांगलं असल्याचं लक्षण. आमच्याकडे मुलं सरसकट 'मेले' म्हणतात.

शब्दवेल्हाळ
'व्या' हा क्रमवाचक आहे. पहिलं वर्ष म्हणजे जन्मापासून पहिल्या वाढदिवसापर्यंतचं. त्या न्यायाने पन्नासावं वर्ष एकोणपन्नासाव्या वाढदिवसाला सुरू होतं आणि पन्नासाव्याला संपतं. मुलीचं तर्कशास्त्र अचूक आहे, वाटाड्याचं वाक्य चूक. विषय संपला.

माजघर
व्याकरणाने संपला, वापराने नाही. ज्ञानेश्वरांचं बघा. शके 1197 चा श्रावण वद्य अष्टमीचा जन्म धरला, आणि शके 1218 ची कार्तिक वद्य त्रयोदशीची समाधी, तर एकवीस वर्षं पूर्ण होऊन तीन महिने उलटले होते. बाविसावं चालू. पण कीर्तनकार काय म्हणतात? 'वयाच्या एकविसाव्या वर्षी संजीवन समाधी'. बाविसाव्या म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही. इथे 'एकविसाव्या' म्हणजे 'एकवीस पूर्ण'.

आता संभाजीमहाराज. जन्म 14 मे 1657, मृत्यू 11 मार्च 1689. एकतीस पूर्ण, बत्तिसावं चालू. लोक सर्रास 'बत्तिसाव्या वर्षी' लिहितात. इथे तोच 'व्या' चालू वर्षाला लागतो.

तेव्हा एकाच प्रत्ययाचे दोन वापर रुळलेले आहेत आणि दोन्ही लिहिणारे मराठीच आहेत. शब्दवेल्हाळ म्हणतात तो नियम खरा, पण तो धरून कुणी जुनं वाक्य वाचायला गेलं तर ज्ञानेश्वरांचं एक वर्ष कमी करून बसेल. मी एवढंच करतो: कुठे 'व्या वर्षी' दिसलं की आकड्यावर विश्वास न ठेवता दोन्ही तारखा शोधतो आणि स्वतः मोजतो. मृत्यूची तिथी त्या वर्षातल्या जन्मतिथीच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढं पाहिलं की पुरतं.

गडफिरस्ती
आणि त्या आजोबांचं त्रेपन्न?

माजघर
ते त्यांच्या काळी बरोबरच होतं. पूर्वी जन्म शके 1549 ची वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे 6 एप्रिल 1627 धरत. जेधे शकावली ही शकवार नोंदींची जुनी यादी टिळकांनी उजेडात आणली, तिच्यात 1551 ची फाल्गुन वद्य तृतीया निघाली आणि हळूहळू पारडं तिकडे झुकलं. आता सरकारी जयंतीही 19 फेब्रुवारी 1630 ची.

पण गंमत अशी की जुनी तारीख धरली तरी तुमचा प्रश्न उभाच राहतो. मृत्यू 3 एप्रिल 1680. सहा एप्रिलला तीन दिवस बाकी! तिथीने मोजलं तर सतरा तिथी बाकी. म्हणजे बावन्न पूर्ण, त्रेपन्नावं संपत आलेलं. तुमच्या आजोबांच्या पुस्तकात 'त्रेपन्नाव्या वर्षी' असेल तर ते चालू वर्ष, आणि ठीक. 'त्रेपन्न वर्षांचे' असेल तर थोडक्यात चुकलं. त्यांनी नेमकं काय म्हटलं?

गडफिरस्ती
नुसतं "त्रेपन्न".

माजघर
मग त्यांना संशयाचा फायदा.

शकवाला
एक शंका. तुम्ही तिथीने सत्तावीस दिलेत. मी 19 फेब्रुवारी ते 3 एप्रिल मोजले तर चव्वेचाळीस दिवस होतात. कुठलं खरं?

माजघर
दोन्ही. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी लहान, अधिक महिना येऊन ते परत जुळवून घेतं. त्यामुळे तीच तिथी दरवर्षी वेगळ्या तारखेला पडते. 1680 साली फाल्गुन वद्य तृतीया मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आली, फेब्रुवारीत नाही. तारखेने दीड महिना झाला होता, तिथीने महिन्याला थोडे दिवस कमी. पन्नास पूर्ण हे मात्र कुठल्याही रीतीने बदलत नाही. ताळा पाहायचा असेल तर वार बघा: 3 एप्रिल 1680 ला शनिवार येतो, आणि शकावलीतही शनिवारच आहे.

शब्दवेल्हाळ
ठीक. पण मग वाटाड्याने म्हणायचं तरी काय? दर घोळक्याला पंचांग उघडून दाखवायचं?

बुरुज
मी स्वतः गड दाखवतो. रायगड नाही, दुसरा. आम्ही 'पन्नासाव्या वर्षी' म्हणतो कारण आमच्या आधीचे म्हणायचे. मोठी माणसं कधी अडवत नाहीत, पोरंच अडवतात. मी आता असं सांगतो: "महाराजांची पन्नाशी नुकतीच उलटली होती." यात कुणी बोट ठेवत नाही.

सातारी सून
छान आहे. 'पन्नास सरलं होतं, एकावन्नावं नुकतं लागलं होतं' हेही चालेल. त्या मुलीला तर हेच कळलं असतं, तिच्या आजीची भाषा आहे.

शब्दवेल्हाळ
'पन्नाशी उलटली' चालेल. पण 'पन्नाशीत गेले' म्हणू नका. 'पन्नाशीत' म्हणजे पन्नास ते साठच्या मधलं कुठलंही.

कारकून
नाही हो. आमच्याकडे 'पन्नाशीत आला' म्हणजे पन्नासच्या जवळ आला. अठ्ठेचाळिशीचा माणूसही पन्नाशीत असतो.

शब्दवेल्हाळ
मग 'ऐन विशीत' म्हणजे अठरा?

कारकून
अठरा, एकोणीस, वीस. पोराला मिसरूड फुटलेलं, डोक्यात वारं. पंचविशीच्या माणसाला विशीतला कोण म्हणतं?

सातारी सून
मी म्हणते.