'सॉफ्ट एरर'ला मराठीत काय म्हणायचं?

मुक्ता: एका विज्ञान-अंकासाठी लेख मराठीत आणतेय. मेमरी चिपवर एखादा कण आदळतो आणि साठवलेल्या ० चा १ होतो, त्याला 'सॉफ्ट एरर' किंवा 'सिंगल इव्हेंट अपसेट' म्हणतात. मी 'सौम्य बिघाड' लिहिलं होतं. संपादकांनी दोन्ही शब्दांखाली लाल रेघ मारली, कारण मात्र सांगितलं नाही.

भाऊसाहेब: अपसेट म्हणजे मन खट्टू होणे. 'एकप्रसंगी मनस्ताप' कसा वाटतो? मोबाइल हँग झाला की आमचं तेच होतं.

सोल्डरवाला: संपादकांचं बरोबर आहे, मुक्ताताई. बिघाड म्हटलं की काहीतरी मोडलंय असं वाटतं. इथे चिप धडधाकट असते, आतला आकडा तेवढा फिरतो. त्याच जागी पुन्हा लिहिलं की झालं. 'सॉफ्ट' एवढ्याच अर्थाने. परिणाम सौम्य असेलच असं नाही. २००३ मध्ये बेल्जियममधल्या स्कारबेकला संगणकावरच्या मतदानात एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त पडली. मिळू शकतील त्याहून जास्त निघाली, म्हणून लक्षात आलं. ४०९६ म्हणजे २ चा बारावा घात. संगणक आकडा ० आणि १ च्या ओळीत लिहितो; त्यातला प्रत्येक ० किंवा १ म्हणजे एक बिट. उजवीकडून तेरावा बिट एकटाच फिरला तर नेमका एवढाच फरक पडतो. पण कण आदळल्याचा पुरावा कुणाकडे नाही. बाकी काही सापडलं नाही, म्हणून काढलेला तो निष्कर्ष आहे.

चंद्रकोर: मग सरळ 'अंतराळकिरण-त्रुटी' म्हणा ना, कारणही कळेल. आणि यंत्र शिशाच्या पेटीत ठेवलं की किरण आत येणार नाहीत.

सोल्डरवाला: अर्धं बरोबर. अंतराळातले किरण वरच्या हवेवर आदळतात; त्यातून निघालेले न्यूट्रॉन खाली येतात आणि चिपला तेच भोवतात. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, त्यामुळे बहुतेक वेळा तो आरपार जातो. क्वचित सिलिकॉनच्या अणुकेंद्रावर आदळला की जे तुकडे उडतात, ते चिपमध्ये भार सांडतात. शिशाची पेटी त्याला अडवत नाही.

आणि दुसरा चोर तर घरातलाच. १९७८ मध्ये इंटेलच्या टिमथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवलं की चिपच्या सिरॅमिक वेष्टनातच युरेनियम-थोरियमचे अंश आहेत आणि त्यांतून सुटणारे अल्फा कण मेमरी फिरवताहेत. असा एक कण सिलिकॉनमध्ये दहा-चौदा लाख इलेक्ट्रॉन मोकळे करतो, आणि तेव्हाच्या मेमरीच्या एका घरातला साठाही साधारण तेवढाच असे. अल्फा साध्या कागदानेही अडतो, म्हणजे तो बाहेरून येणं शक्यच नाही. यात 'अंतराळ' कुठे आलं?

मुक्ता: मग चोर कुठला, हे ओळखायचं कसं?

सोल्डरवाला: मेमरी चिप बसवलेले तेच बोर्ड डोंगरावर न्यायचे, मग जमिनीखाली. फ्रान्समध्ये हे प्लाटो द ब्यूरवर, अडीच हजार मीटरवर केलं आणि मोदानच्या बोगद्यातल्या प्रयोगशाळेतही. उंचीबरोबर चुका वाढल्या तर न्यूट्रॉन. डोंगराच्या पोटातही होत राहिल्या तर अल्फा.

शिशाची गंमत राहिलीच. चिप जोडणाऱ्या सोल्डरच्या शिशात किरणोत्सारी शिसे-२१० असतं, त्यातून पोलोनियम-२१० तयार होतं आणि तेच अल्फा सोडतं. शुद्धीकरणात पोलोनियम निघून जातं, पण शिशातून शिसे-२१० वेगळं करणार कसं? त्यामुळे ताजं शिसं मोजलं तर स्वच्छ दिसतं आणि काही महिन्यांत पुन्हा अल्फा वाढतो. शिसे-२१० दर बावीस वर्षांनी निम्मं होतं, म्हणून शतकांपूर्वीच्या जुन्या शिशाला मागणी.

नाशिककर: आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हरवर रोज 'ईसीसीने चूक दुरुस्त केली' अशी नोंद पडते. इंजिनिअर म्हणतो कॉस्मिक किरण, दुर्लक्ष करा.

सोल्डरवाला: नोंदीत पत्ता बघा. रोज तोच आहे का?

नाशिककर: हो, त्याच स्लॉटमधला, तोच पत्ता.

सोल्डरवाला: मग किरण नव्हेत. कण पत्ता विचारून येत नाही. ते मेमरीचं घर खरंच झिजलंय, मॉड्यूल बदला. ईसीसी म्हणजे मेमरीतल्या चुका पकडून सुधारणारी सोय; ती एकत्र वाचल्या जाणाऱ्या बिटांच्या एका गटातला एक बिट सुधारते. शेजारचा दुसरा गेला तर चूक कळेल, पण सुधारता येणार नाही.

चंद्रकोर: म्हणजे भाऊसाहेबांचा मनस्ताप खरा ठरला! बरं, 'बिटपालट' कसा वाटतो?

भाऊसाहेब: खांदेपालट, पिकांची फेरपालट... हे सगळं ठरवून केलेलं. इथे कुणी ठरवलंय?

सोल्डरवाला: पण नवीन घातलं की जुनं पूर्ववत करता येतं, हा भाव 'पालट'मध्ये आहे. 'बिघाड'मध्ये नाही.

मुक्ता: 'बिटपालट' पाठवते. पण लिंग कोणतं? 'बिटपालट झाला' की 'झाली'? संपादक आता त्यावर रेघ मारतील.