‘द सेम’ फाइंड-रिप्लेसने जात नाही

>> ‘डिस्कस्ड अबाउट’, ‘रिव्हर्ट बॅक’, ‘द सेम’ हे खटकणारे प्रयोग विद्यार्थ्यांच्या इंग्रजी प्रबंधांतून सरळ फाइंड-रिप्लेसने उडवले तर?

‘डिस्कस्ड’नंतरचा ‘अबाउट’ उडवा खुशाल, ‘डिस्कशन अबाउट’मधला मात्र बरोबर असतो. ‘रिव्हर्ट बॅक’ उत्तर देण्याच्या अर्थाने असेल तर ‘रिप्लाय’ करा. खरी गोची ‘द सेम’ची. इथे पुण्यातल्याच एका प्रबंधात होतं, ‘सॅम्पल्स वेअर कलेक्टेड फ्रॉम वेल्स अँड द सेम वेअर क्लीन्ड’. स्वच्छ काय केलं, नमुने की विहिरी? मी ‘दे’ घालून पाहिलं, घोळ तसाच. प्रबंध लिहिणाऱ्या पोरीला विचारलं तर म्हणाली, ‘बाटल्या, सर!’ मग ‘द बॉटल्स’च लिहायला लावलं. ‘द सेम मेथड’सारखं पुढे नाम असेल तर हात लावू नका, पुढे क्रियापद किंवा पूर्णविराम आला की विद्यार्थ्याला गाठा.